कवळी, चमचा, सुई

पिशवीचं तोंड सोडलं की आधी वास बाहेर येतो, मग चादर. वासही एकटा येत नाही, सगळं गणगोत घेऊन येतो. आंबलेलं दूध, शिळी लघवी, पू, मलम, कुणाच्या तरी पोटातून थांबवता थांबलं नाही ते पाणी. इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं, आणि तिथल्या लांब ओट्यापाशी उभ्या राहून चादरी वेगळ्या करणाऱ्या बायका या गणगोताला तोंडओळखीने नव्हे, नाकओळखीने ओळखत. "ही बाळंतिणींची." "ही भाजलेल्यांची, हळू गं, कातडी चिकटलेली असते." "आणि ही पाच नंबरची. तोंड फिरव, मग सोड."

पाच नंबर म्हणजे पोटाच्या आजारांचा वॉर्ड.

त्या सकाळी पाच नंबरची पिशवी धाकटीने सोडली. धाकटी म्हणजे ओट्यावरची सगळ्यांत हसरी बाई. तिने चादर दोन्ही हातांनी ओढली, पिवळा ओघळ ओट्यावर उतरला, आणि शेजारची मावशी एकदम ओरडली, "हलू नकोस! पोटाकडे बघ."

धाकटीच्या रबरी एप्रनवर, बेंबीच्या जरा वर, एक सुई रुतून उभी होती. मागे तिची बारीक नळी लोंबत होती आणि नळीत वाळलेलं रक्त होतं, काळं, मुंगीएवढं.

एप्रन जाड होता. सुई आत पोहोचली नव्हती. मावशीने चिमट्याने ती उपटली, ओट्याखालच्या पांढऱ्या डब्यात टाकली आणि मग कोपऱ्यातल्या मोरीत जाऊन थुंकली. तिला शिसारी आली होती ती ओघळाची नव्हे, त्या सुईची. ओघळ रोजच्या रोज बघायची सवय होते.

"वहिनीला बोलवा," धाकटी म्हणाली. "आणि तिला म्हणावं, तुझी पाटी बघ जाऊन, जिवंत आहे का."

वहिनी म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची बायको, आणि इस्पितळातली सूचना सिस्टर. इस्पितळात सिस्टर पुष्कळ, म्हणून हिला हे नाव पडलेलं. आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नये हे बघणं तिचं काम, आणि त्यासाठी भिंतीवर जे जे लावायचं ते लिहिणंही तिच्याच गळ्यात. ती खाली आली. तिने डब्यातली सुई बघितली, एप्रनवरचं भोक बोटाने चाचपलं. मग वर पाच नंबरला गेली.

तिची पाटी तिथे होती. औषधांच्या ट्रॉलीमागे, भिंतीला. त्यावर लिहिलं होतं, 'तीक्ष्ण व टोकदार वैद्यकीय साहित्याची विल्हेवाट विहित पात्रातच लावण्यात यावी. मलिन कपड्यांसमवेत असे साहित्य पाठवले जाणार नाही याची संबंधितांनी दक्षता घ्यावी.' पाटीच्या कोपऱ्यावर कुणीतरी चघळलेलं च्युइंगम चिकटवलं होतं. गुलाबी, दातांचे ठसे असलेलं. त्याला केस लागले होते.

सिस्टरने कागदात धरून ते खरवडून काढलं. पण च्युइंगम चिकटवणाऱ्याचा तिला राग आला नाही. पाटी पुन्हा वाचली, आणि तिला स्वतःच्याच वाक्याची किळस आली. कोण बोलतं असं? 'विहित पात्र' म्हणे. पाच नंबरमधल्या वॉर्डबॉय मामांना विहित पात्र म्हणजे काय ते ठाऊक असेल तर शपथ. ते बिचारे त्याला 'सुईचा डबा' म्हणतात, आणि तोच तर त्याचा खरा शब्द.

संध्याकाळी घरी धाकटी ताटं पुसत म्हणाली, "वहिनी, तुझी पाटी वाचून पेशंटला झोप लागेल. झोपेची गोळी वाचेल इस्पितळाची. घरी बोलतेस तशी लिही की."

घरात सिस्टरची जीभ यमकाची होती. मुलं उठत नसली की तिच्या तोंडून ओळी यायच्या, नवरा मोजे पलंगाखाली सारायचा त्यावर ओळी, नळाचं पाणी गेलं त्यावर ओळी. जात्यावर दाणे सुटावेत तसे शब्द सुटत आणि आपोआप जोडीने खाली पडत. इस्पितळात मात्र तिने ही जीभ कधी नेली नव्हती. तिथे ती पांढरे कपडे घाली आणि पांढरंच बोले.

पण मेट्रनबाईंनाही तेच हवं होतं, असं निघालं. "सिस्टर, जरा गंमत आणा त्यात. आजकाल लोक हसल्याशिवाय वाचत नाहीत."

मग सिस्टरने गंमत आणली. धुलाईघरात महिन्याभरात काय काय सापडलं ते बायकांना विचारलं, आणि त्या एवढ्या हसत सांगत सुटल्या, की ओळी तिथेच तयार झाल्या.

'धुलाईघराचा निरोप घ्या!
आजोबांची कवळी आली, पांढरीशुभ्र धुऊन,
हसायचं तर खाली या, दात जा घेऊन.
चमचा आला, चष्मा आला, मोजा आला एकटा,
जोडीदाराविना बिचारा झालाय अगदी रडका.
सुई आली, कात्री आली, साबण आला अर्धा,
चादर सांगते सगळं, बाई, तिला कसला पडदा!
कृपया चादरी तपासूनच पाठवा.'

शेजारी कवळीचं चित्र काढलं. कवळी हसत होती.

पाटी लागली आणि इस्पितळ तिच्यापुढे गोळा झालं. लोक फोटो काढत. डॉक्टर मोठ्याने वाचत. चहाच्या खिडकीपाशी कुणीतरी "मोजा आला एकटा" म्हणायचं आणि दुसरं कुणीतरी "झालाय अगदी रडका" म्हणून पुरं करायचं. एका नवीन सिस्टरचं लग्न ठरत नव्हतं, तिलाही सगळे एकटा मोजा म्हणायला लागले. मेट्रनबाईंनी सूचना सिस्टरच्या पाठीवर थाप मारली.

"बघा! वाचतात की नाही?"

वाचत होतेच. सूचना सिस्टरला आपले शब्द दुसऱ्यांच्या तोंडात ऐकून जे वाटायचं ते वाटलं. अंगणात आपल्या हातच्या रोपाला दुसरं कुणी हौसेने पाणी घालताना बघावं, तसं.

धुलाईघरात मात्र पिशव्या हलक्या झाल्या नाहीत. उलट त्यांतून जास्तच गमती यायला लागल्या. एकीत रंगीत कंगवा आला, त्याला चिठ्ठी बांधलेली, 'आमच्यावर दोन ओळी'. दुसरीत अंडं, उकडलेलं, उशीच्या अभ्र्यात फुटून चेंदलेलं, तीन दिवस तसंच राहिलेलं. ते उघडलं तेव्हा मावशी नाक दाबून पळाली आणि परत येऊन म्हणाली, "आता हसू येत नाही गं मला. हे काय चाललंय? आपण काय जत्रेचा तंबू आहोत?"

"अगं, कौतुक आहे ते," धाकटी म्हणाली. पण तिनेही अंडं काढताना मान बाजूला वळवली होती.

सुया येतच होत्या. आधी येत तेवढ्याच. बायका चिमट्याने उचलत आणि डब्यात टाकत. सूचना सिस्टरने ते ऐकलं, आणि तिच्या मनात कुठेतरी खडा टोचला. पण पाटी लोकांना एवढी आवडलेली. आणखी थोडे दिवस जाऊ देत, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग पाच नंबरची ती पिशवी आली.

दुपारची वेळ होती. यंत्रं गरगरत होती, तळघर वाफेने भरलं होतं. धाकटीने पिशवी सोडली, चादर उलगडली. चादर ओली होती, हिरवट, शेंबडासारखी तार येणारी. मधोमध दुसऱ्या चादरीचं गाठोडं होतं आणि त्यातून प्लास्टिकच्या पालीची शेपटी डोकावत होती.

"अगं बाई!" धाकटी खिदळली. "पाच नंबरच्या मामांचं काम. थांबा, चिठ्ठी पण असेल."

तिने गाठोड्यात हात घातला.

हसणं तिच्या तोंडातच राहिलं. हात बाहेर आला, मधल्या बोटाच्या पेरात सुई होती. जाड रबरी हातमोजा होता हातात, पण सुई काय, रबराला विचारून आत शिरते थोडीच? चादर बारीक चुण्यांनी त्या सुईभोवती गुंडाळली होती, जशी आई झोपलेल्या बाळाभोवती गुंडाळते.

पाल ओट्यावरच्या ओलसर घाणीत पडली, उताणी. तिच्या पोटावर लिहिलं होतं, 'मला पण कवितेत घ्या.'

"दाब, दाब, रक्त काढ बाहेर!" कुणीतरी ओरडलं. कुणी म्हणालं, "तोंडाने ओढून थुंकून टाक."

"काही करायचं नाही तसलं!" सूचना सिस्टर जिन्यावरूनच ओरडत उतरली. बोलावणं गेलं तसं ती धावलीच होती. "दाबायचं नाही, तोंडात घालायचं नाही. हातमोजा काढ. नळाखाली धर. साबण लाव. वाहू दे."

पाणी वाहत होतं. धाकटीचं बोट पांढरं पडलं होतं आणि त्यावर लाल ठिपका होता. किती लहान. टिकलीपेक्षा लहान. सिस्टरने तिचा हात धरून ठेवला होता आणि तिला त्या हातावरचा वास येत होता, कुणा परक्याच्या पोटाचा वास, साबणाखालून पुन्हा पुन्हा वर येणारा.

"वहिनी," धाकटी हळूच म्हणाली, "कुणाची असेल गं सुई?"

ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. एका पिशवीत चार पलंगांच्या चादरी होत्या. कुणाचं रक्त, त्या रक्तात काय, काही कळायला मार्ग नव्हता. म्हणून तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू केल्या. काविळीची लस तिने घेतलेली होती, त्याची एक काळजी मिटली. बाकीच्यासाठी रक्त आज तपासायचं, काही आठवड्यांनी पुन्हा, आणि काही महिन्यांनी आणखी एकदा. तोवर महिनाभर गोळ्या. "गोळ्यांनी मळमळेल," डॉक्टर म्हणाले. "पण एकही चुकवू नका."

"मळमळ काय डॉक्टर," धाकटी म्हणाली, "मी धुलाईघरात आहे." आणि ती हसली. मग तिचे ओठ वाकडे झाले आणि तिने वहिनीच्या खांद्यात तोंड घातलं.

सूचना सिस्टर तडक पाच नंबरला गेली.

मामा तिथेच होते. पन्नाशीचे, पोट सुटलेले, सगळ्या वॉर्डाचे लाडके. त्यांना कळलेलं होतं. त्यांचा चेहरा वाळल्या फडक्यासारखा झाला होता.

"सिस्टर, मी काही मुद्दाम... पाल तेवढी ठेवली मी. हसतील म्हणून. चादर पटकन गोळा केली नि तिच्याभोवती गुंडाळली. त्यात सुई होती ते मी..."

"बघितलं नाहीत."

"नाही बघितलं."

"मामा, पाटी वाचली होती तुम्ही?"

"अहो, पाठ आहे! आजोबांची कवळी आली, पांढरीशुभ्र धुऊन..." मामांनी म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबले, कारण ती त्यांच्याकडे कशी बघत होती ते त्यांना दिसलं.

"पुढे?"

"चमचा. चष्मा. मोजा."

"मग?"

मामा आठवू लागले. "साबण."

"सुई?"

"सुई होती त्यात?"

ती वळली. ट्रॉली ढकलणाऱ्या नर्सला विचारलं, दारातल्या सफाईवालीला विचारलं, तरुण डॉक्टरला विचारलं. कवळी सगळ्यांना आठवत होती. एकट्या मोज्याचं तर काय विचारता. डॉक्टर म्हणाला, "चादरी स्वच्छ ठेवा, असं काहीतरी होतं ना शेवटी?" सुई एकालाही आठवली नाही. आठवली तरी कशी असती? तिने स्वतःच सुईला कात्री नि अर्ध्या साबणाच्या मधे उभं केलं होतं, यमकाच्या रांगेत, गमतीच्या मंडळींत एक गंमत म्हणून. कवळी सापडली की हसायचं असतं. मग सुई सापडली की? तेच.

आणि पाटीने सांगितलं तरी काय होतं? खाली पाठवलेली प्रत्येक चीज कवितेत येते. म्हणून लोकांनी पाठवली.

तिने पाटी भिंतीवरून काढली. हसऱ्या कवळीचे दात तिला आता खरे वाटले, कुणाच्या तरी तोंडातून नुकतेच काढलेले, हिरड्यांची लाळ लागलेले. तिने पाटीच्या कागदाची घडी घातली आणि कचऱ्याच्या डब्यात पार खाली दाबली. मग आठवलं की दाबायचं नसतं, आत सुई असू शकते. चटकन हात मागे घेतला.

घरी गोळ्यांनी आपलं काम सुरू केलं. धाकटी मोरीत वाकून उमासे काढी आणि तिची आई, म्हणजे सिस्टरच्या सासूबाई, तिची पाठ चोळत बसत. सासूबाई कमी बोलत. त्यांनी सुनेला दोष दिला नाही. त्यामुळे सुनेला जास्त लागलं.

"वहिनी," धाकटी एकदा तोंड पुसत म्हणाली, "मला टोचलं ना, तेव्हा मी हसत होते. ते जात नाही माझ्या मनातून. आता पिशवी म्हटलं की पोटातलं वर येतं. घाणीचं काही नाही गं, घाण मी आयुष्यभर उपसली. पण हात आत घालायचा म्हटलं की नाही जात. मला दुसरं काम बघावं लागेल बहुतेक."

'आता येणार नाही सुई' असं म्हणायला सिस्टरकडे होतं काय?

तिने पुन्हा लिहायला घेतलं. आधी गंमत अजिबात नको असं ठरवलं. लाल अक्षरांत लिहिलं, कवटी काढली. पण कवटी तर विजेच्या प्रत्येक खांबावर असते, तिच्याकडे बघतं कोण? तिची पहिली पाटी कुणी वाचली नाही, दुसरी सगळ्यांनी वाचली आणि कुणालाच कळली नाही. हसू हवंच होतं. पण ते बसवायचं कुठे?

ती स्वयंपाकघरात आली. सासूबाई मांडणीपाशी उभ्या होत्या. सुनेने घासलेली भांडी त्या एकेक उचलत होत्या. पेला उजेडाकडे धरला. आत बोट फिरवलं. बोट बघितलं. पातेलं उलटं केलं, बुडाकडे बघितलं. कानाची खाच नखाने तपासली. मग नाक मुरडलं आणि एक वाटी परत मोरीत ठेवली.

लग्न झाल्यापासून सिस्टरला या बघण्याचा वीट आला होता. आज मात्र ती दारात उभी राहून बघत राहिली. या नजरेतून सुई सुटेल? सुईच्या बापाची बिशाद नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही पलंगावरची चादर कशी बघाल?"

"घरातली?"

"इस्पितळातली. आजारी माणसाची. सुई असेल असं समजून."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. लेकीच्या खोलीकडे एकदा बघितलं. "आधी हात नाही लावायची. आधी नुसती बघेन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उशी उचलून खाली बघेन. मग गादीच्या कडेला. मग गोळा करेन. का गं?"

"तुमच्यावर पाटी लिहितेय."

"लिही," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी मनातल्या मनात लिहीतच असशील."

पहिला मसुदा तिने एका ओळीचा केला, 'चादर उचलण्याआधी सासू व्हा!' आणि पाच नंबरमध्ये नेला. मामांच्या हातात दिला, वाचून होताच काढून घेतला. हा तिचा नवा नेम होता. कागद दाखवायचा, काढून घ्यायचा, मग विचारायचं.

"मामा, काय करायचं?"

मामा बऱ्याच दिवसांनी हसले. "सासू व्हायचं."

"म्हणजे काय करायचं?"

"कटकट," मामा म्हणाले.

सफाईवाली म्हणाली, "सुनेला राबवायचं नि आपण बसायचं." डॉक्टर म्हणाला, "माझी सासू फार चांगली आहे हो, ती काहीच करत नाही."

पुन्हा तेच झालं होतं. हसू उरलं आणि सुई गळून गेली. पण या वेळी सिस्टरला सापडलं कुठे गळली ते. सुईबद्दल जे सांगायचं ते तिने हसण्यावर सोपवलं होतं. ते साध्या, कोरड्या, तोंडातल्या शब्दांत सर्वांत वर यायला हवं होतं, कुणी पुढचं न वाचता निघून गेलं तरी पुरेल असं. आणि हसू यायला हवं होतं ते फक्त बघण्यापाशी. सुईपाशी नाही. सुई हसण्याची वस्तू नाही.

रात्रीची वाट न बघता, दिवसाउजेडी, जेवणाच्या सुट्टीत तिने ते लिहिलं.

'सुई चादरीत जाऊ देऊ नका. खाली माणसाचा हात आहे.
ज्याने सुई वापरली, त्यानेच ती तिथल्या तिथे सुईच्या डब्यात टाकायची.
चादर गोळा करण्याआधी पलंग बघा.
सुई दिसली तर बोट लावू नका. सिस्टरला हाक मारा, चिमट्याने उचला, डब्यात टाका.
चादर झटकू नका. पिशवी हाताने, पायाने दाबू नका.

पलंग कसा बघायचा?
सासू बघते भांडी, तशी चादर नीट बघा,
टोकापासून टोकापर्यंत, मग उशीखाली बघा,
गादीच्या कडेला बघा, नाक मुरडून बघा,
काही नाही सापडलं तर, वैतागून गुंडाळा!'

शेवटचं यमक जमलं नव्हतं. तिने ते तसंच ठेवलं. तीन ओळी 'बघा'वर संपत होत्या, आणि बघणं हेच तर हवं होतं. चौथीकडे ते मोडलं की वाचणारा अडखळायचा आणि हसायचा, आणि अडखळल्यावर पुन्हा वर बघायचा.

मामांच्या हातात दिलं. काढून घेतलं.

"काय करायचं, मामा?"

"सुई चादरीत जाऊ द्यायची नाही," मामा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "खाली हात आहे." मग आवाज बदलून, "टोकापासून टोकापर्यंत बघायचं, उशी उचलायची, कडेला बघायचं. सुई असली तर बोट लावायचं नाही. हाक मारायची."

"आणि नाही सापडली तर?"

"वैतागून गुंडाळायची." ते हसले, पण डोळे हसले नाहीत.

सफाईवालीने सांगितलं. डॉक्टरनेही सांगितलं, आणि सांगताना तो कानापर्यंत लाल झाला, कारण सुया टाकून जाणाऱ्यांत तो होता.

मेट्रनबाईंनी मात्र ओठ चावले. "छान आहे हो. पण कवळी कुठे गेली? लोकांना कवळी फार आवडली होती. एका कोपऱ्यात घाला की तिला."

"नाही घालणार, मॅडम."

"अहो, एक चित्र फक्त."

"कवळी धुऊन परत मिळते, मॅडम. ज्याची त्याला." सिस्टरचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "कवळीशेजारी सुई ठेवली की सुईपण तशीच वाटते. माझी नणंद गोळ्या खाऊन ओकतेय."

मेट्रनबाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाल्या, "वरची ओळ आणखी मोठी करा. दारातून वाचता आली पाहिजे. मला चष्म्याशिवाय."

पाटी लागली. या वेळी तिच्यापुढे गर्दी झाली नाही, कुणी फोटो पाठवले नाहीत. पण पलंगापाशी वाकलेली माणसं "नाक मुरडून बघा" असं पुटपुटत, आणि एक म्हातारी पेशंट मामांना म्हणाली, "अहो सासूबाई, उशीखाली राहिलं तुमचं बघायचं."

धाकटी एक दिवस तपासणीला आली, ती तिथून पाच नंबरला आली. पहिली रक्ततपासणी ठीक निघाली होती. पुढच्या बाकी होत्या, आणि त्या बाकीच राहणार होत्या, कितीही घाई केली तरी. ती बारीक झाली होती. दारात उभी राहून तिने वरची ओळ वाचली. 'खाली माणसाचा हात आहे.' तिने आपल्या हाताकडे बघितलं, मग तो खिशात घातला.

मामा आत पलंग मोकळा करत होते. त्यांना ती दिसली नव्हती. चादरीवर तपकिरी थारोळं होतं, कडेने सुकून पापडी धरलेलं, आणि मामांनी तोंड आंबट केलं होतं. तरी ते वाकले. टोकापासून टोकापर्यंत बघितलं. उशी उचलली. गादीच्या कडेशी आले आणि थांबले. हात मागे घेतला, पाठीशी धरला.

"सिस्टर! चिमटा!"

सूचना सिस्टरच चिमटा घेऊन आली. गादी आणि लोखंडी कडेच्या फटीत सुई होती, नळीसकट. चिमट्याने उचलली, डबा पलंगापाशीच आणला होता, त्यात टाकली. मामांनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि मग वळले. दारात धाकटी.

"ताई," मामा म्हणाले.

धाकटीने त्यांना 'असू दे मामा' म्हटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर अजून तीच शिसारी होती, त्या थारोळ्याची, त्या सुईची, थोडी मामांचीही. ती जवळ आली. चादरीकडे बघितलं.

"ही पिशवी खाली कधी येईल?"

"आता. हीच भरतोय."

"दाबू नका तिला," धाकटी म्हणाली. "मी उघडणार आहे."

सूचना सिस्टर तिच्यामागे तळघरात उतरली. मावशीने नवे हातमोजे पुढे केले. पिशवी आली. धाकटीने तिचं तोंड सोडलं आणि वास बाहेर आला तसा तिने मोरीकडे धाव घेतली आणि भडाभडा ओकली. गोळ्यांचं, वासाचं, सगळ्याचंच. तोंड धुतलं. परत ओट्यापाशी आली.

"राहू दे आज," सिस्टर म्हणाली.

"गप्प बस गं वहिनी." धाकटीने चिमट्याने चादरीचं टोक धरलं, उचललं, वाकून आत बघितलं. घडीघडीतून बघितलं. मग चिमटा खाली ठेवला, दोन्ही हात त्या पिवळ्या-तपकिरी ओल्या घाणीत घातले आणि चादर ओट्यावर पसरली.

"शी!" ती म्हणाली. "कसलं घाणेरडं आहे हे."

आणि पुढची ओढली.